लग्नाचा पैसा आणि चौथा वाटा



बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला लग्नसराई पंचांगाविनाच कळते. फेब्रुवारी उजाडला की वैयक्तिक कर्जाचे अर्ज वाढतात, सोनेतारणाच्या खिडकीपुढे रांग लागते, आणि काही ओळखीचे चेहरे दबक्या आवाजात विचारतात, "साहेब, ते दर महिन्याला कापतात ना, ते जरा दोन वर्षं बंद करता येईल का?" मी साहेब नाही, लिपिक आहे. पण या प्रश्नाचे उत्तर देता देता माझ्या स्वतःच्या मुलीचे लग्न आले, तेव्हा तो प्रश्न मलाही पडला. कर्ज न काढता आणि मासिक गुंतवणूक न थांबवता ते लग्न कसे पार पडले व त्यात कोठे चुकलो, याचा हिशेब प्रस्तुत लेखात मांडत आहे. विद्यार्थी वाचकांनीही तो वाचावा, कारण उद्या तेच कमावते होणार आहेत.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकले आहे. गृहस्थाने मिळकतीचे चार वाटे करावेत, एका वाट्याचा उपभोग घ्यावा, दोन वाटे कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा, असा उपदेश त्यात आहे. मी कला शाखेचा पदवीधर. अर्थशास्त्राचा माझा अभ्यास बेताचाच. परंतु काउंटरवरचा अनुभव मला एवढेच सांगतो की, आपली घरे लग्नात बुडतात ती खर्च जास्त झाला म्हणून जेवढी, तेवढीच चुकीच्या वाट्यातून खर्च झाला म्हणून. लग्न ही आपत्ती नव्हे. ते ठाऊक असलेले, वर्षानुवर्षे आधी दिसणारे, आनंदाचे कार्य आहे. म्हणून त्याचा पैसा पहिल्या वाट्यातून, थोडाथोडा बाजूला काढून साठला पाहिजे. म्हातारपण, आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांसाठीचा चौथा वाटा त्यासाठी फोडायचा नाही.

माझा चौथा वाटा लहान आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ७ तारखेला म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत ३,००० रुपये आणि सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या, खात्यात २,००० रुपये जातात.

२०१९ साली माझ्या मेहुणीचे लग्न झाले. त्यात मुलीकडचा खर्च अडीच लाखांच्या घरात गेला होता. त्या वेळी माझी मुलगी अठरा वर्षांची होती, शिकत होती. आणखी पाच वर्षे तरी लग्नाचा विषय नाही, असे घरात ठरले होते. तेव्हा मी मेहुणीच्या लग्नाची वही मागून आणली आणि तिच्यावरूनच अंदाज बांधला. दरवर्षी सात टक्क्यांनी महागाई धरली तर पाच वर्षांत खर्च सुमारे १.४ पट होतो. म्हणजे अडीच लाखांचे साडेतीन लाख. आता साडेतीन लाख पाच वर्षांत साठवायचे तर महिन्याला किती लागतील? टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचा, अर्थात आरडीचा, व्याजदर त्या वेळी ७.२ टक्के होता. त्या दराने दरमहा एक रुपया भरला तर साठ महिन्यांनी सुमारे ७२ रुपये होतात. (ऑक्टोबर २०२३ मध्ये हा दर ६.७ टक्के ठरवला गेला, त्या दराने ७१ होतात; फरक फार नाही.) साडेतीन लाखांना ७२ ने भागले तर सुमारे ४,८६० येतात. मला एसआयपी आणि पीपीएफला हात न लावता ४,००० च परवडत होते. म्हणून ६ जानेवारी २०२० रोजी ४,००० ची आरडी उघडली. उरलेली तूट पुढे कोठूनतरी भरावी लागणार, हे त्याच वेळी वहीत लिहून ठेवले. ज्यांच्या हाती तीनच वर्षे आहेत त्यांनी बँकेच्या साडेसहा टक्क्यांच्या आरडीत एका रुपयाचे जेमतेम ४० धरावेत.

येथे एक प्रश्न सुशिक्षित मुले हमखास विचारतात. फंडात परतावा जास्त, मग लग्नाचे पैसेही एसआयपीतच का टाकू नयेत? याचे उत्तर आमच्याच लग्नाच्या मोसमाने दिले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस शेअर बाजाराचा निफ्टी निर्देशांक २६ हजारांच्या वर होता. जानेवारी २०२५ च्या मध्यास तो २३ हजारांच्या आसपास आला आणि फेब्रुवारीअखेर २२ हजारांच्या जवळ गेला. ज्याला जानेवारीत आचाऱ्याचे पैसे द्यायचे आहेत, त्याला बाजार सावरेपर्यंत थांबता येत नाही. माझी ३,००० ची एसआयपी मात्र त्या पडत्या काळात नेमकी स्वस्तात युनिट घेत होती, कारण तिला थांबायला पंधरा वर्षे आहेत. ज्या पैशाला तारीख आहे तो आरडीत किंवा मुदत ठेवीत, आणि ज्याला तारीख नाही तो फंडात, एवढा भेद पुरे आहे.

आता आमची चूक. आरडी ६ जानेवारी २०२५ ला पूर्ण होणार होती आणि लग्न ठरले १९ जानेवारीला. मुदत आणि मुहूर्त अगदी जुळले म्हणून मी खूश होतो. परंतु लग्नाचा पैसा लग्नाच्या दिवशी लागत नाही. साक्षगंध चार महिने आधी, कार्यालयाचा आणि बिछायतवाल्याचा इसार तीन महिने आधी, कपडे महिनाभर आधी. सव्वा लाखाची देणी जानेवारीच्या आत येत होती आणि सगळा पैसा एकाच पिशवीत, तिचे तोंड जानेवारीपर्यंत बांधलेले. टपालाची आरडी तीन वर्षांनंतर मुदतीआधी मोडता येते, पण मग बचत खात्याचाच दर, म्हणजे ४ टक्के मिळतो. जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळते, पण कर्ज तर काढायचे नव्हते. याच अडचणीच्या तोंडावर आलेली बहुसंख्य घरे कर्ज काढतात, हे मी काउंटरवर पाहिले आहे. पैसा असतो, पण तो हवा तेव्हा हाती नसतो.

आम्हाला त्यातून वाचवले ते वेतन कराराने. बँक कर्मचाऱ्यांचा बारावा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ रोजी झाला आणि तो नोव्हेंबर २०२२ पासून लागू असल्यामुळे थकबाकी एकरकमी मिळाली. माझ्या हाती सुमारे १,१०,००० रुपये आले. नवी मोटारसायकल घ्यावी असे मुलाचे म्हणणे होते. मी त्या रकमेच्या तीन मुदत ठेवी केल्या: ४०,००० ची सप्टेंबरात पूर्ण होणारी, साक्षगंधासाठी, ३५,००० ची ऑक्टोबरात, इसारासाठी, आणि ३५,००० ची डिसेंबरात, कपड्यांसाठी. प्रत्येक पावतीवर पेन्सिलीने काम लिहून ठेवले. पहिल्यापासूनच एका ४,००० च्या आरडीऐवजी २,५०० ची पाच वर्षांची आणि १,५०० ची थोडी कमी मुदतीची अशा दोन केल्या असत्या, तर थकबाकीच्या नशिबावर अवलंबून राहावे लागले नसते. वाचकांनी हे माझ्याकडून फुकट घ्यावे.

आरडीचे २,८९,००० आणि थकबाकीचे १,१०,००० मिळून सुमारे चार लाख झाले. आम्ही अंदाजपत्रक मात्र ३,४५,००० चेच केले आणि बाकीचे पंचावन्न हजार 'नाव न सांगायचे पैसे' म्हणून बाजूला ठेवले. हे महत्त्वाचे आहे. घरात चार लाख आहेत असे कळले की खर्च चार लाख दहा हजारांचा होतो.

आपल्या विवाहविधीला खर्च असा नाहीच. पांढरी वस्त्रे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, मेणबत्त्या, फुले, त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञा, हे काही शेकड्यांत होते. पैसा जातो तो पंगतीत, मांडवात, सोन्यात आणि कपड्यांत. सोयरे हिंगणघाटकडचे, समजूतदार माणसे. साक्षगंधाच्या बैठकीतच कार्यालय, बिछायत आणि जेवण यांचा खर्च निम्मा-निम्मा करायचे ठरले आणि दोन्हीकडच्या मंडळींसमोर ते कागदावर लिहिले. नंतर हा विषय काढणे जड जाते, हा अनुभव इतरांच्या लग्नातला आहे.

तारीख हा आमच्या हातातला सर्वांत मोठा पैसा ठरला. नवरदेवाकडच्यांना मे महिना हवा होता. पण आपल्याला मुहूर्त पाहावा लागत नाही. पौष महिन्यात इतरांची लग्ने नसतात, म्हणून कार्यालये रिकामी असतात, आचारी आणि बिछायतवाले मोकळे असतात. मे महिन्यात ज्या कार्यालयाचे ७०,००० सांगितले होते, तेच पौषातल्या रविवारी ४५,००० ला मिळाले, आणि ४५ अंशांच्या उन्हात कूलर व बर्फावर होणारा खर्च वाचला तो वेगळा. अडचणही होती. जानेवारीत कापसाची वेचणी चालू असते, खेड्यावरच्या नातेवाइकांना मजुरी बुडवून येणे कठीण. म्हणून रविवारच धरला आणि लग्न दुपारी बाराला लावले, जेणेकरून संध्याकाळी सगळे घरी पोहोचावेत. व्याह्यांना ही तारीख पटवायला तीन खेपा कराव्या लागल्या.

दुसरी चावी पानांची. पहिली यादी नऊशेंची झाली. आम्ही चौघांनी एका संध्याकाळी ती मोठ्याने वाचली आणि प्रत्येक नावापुढे, या माणसाच्या घरच्या शेवटच्या कार्याला आपण गेलो होतो का, एवढेच विचारले. दोन्हीकडचे मिळून सहाशे उरले. कॅटररऐवजी ओळखीचा आचारी ठरवून किराणा स्वतः आणला, तर वांगे-आलूची भाजी, पोळी, वरण-भात आणि बुंदी यांचे ताट मजुरी व गॅससह १८० रुपयांत बसले. तीनशे पाने कमी झाली, म्हणजे चोपन्न हजार वाचले, त्यातले निम्मे आमचे. बाकीच्या कोणत्याही काटकसरीने एवढे वाचत नाही. वरातीचा डीजे रद्द करावा की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस भांडण झाले. शेवटी तरुणांनी लहान बँड ठरवला आणि पैसेही त्यांनीच काढले. सोन्यात एका तोळ्यावर थांबलो. बायकोचे मन मोडले, हे मी येथे कबूल करतो.

डिसेंबरात मुलीचे मोठे मामा आले. अंदाजपत्रक वाचून म्हणाले, "भाऊजी, पोरीचं लग्न एकदाच होते. दोन वर्षं ते फंडाचे हप्ते बंद ठेवा, नाहीतर तीन लाख उचला. तुम्ही तर बँकेतच आहात." मी त्यांना कागदावर दोन आकडे काढून दाखवले. तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,८०० बसतो आणि एक लाख नऊ हजारांच्या वर व्याज जाते. हा हप्ता माझ्या एसआयपी आणि पीपीएफच्या बेरजेहून मोठा आहे, म्हणजे कर्ज काढले की गुंतवणूक थांबणारच. त्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आणि नुसते हप्ते दोन वर्षे थांबवले तर ७२,००० वाचतात खरे, पण दहा टक्के वाढ धरली तर पंधराव्या वर्षी तेच पावणेतीन लाख झाले असते. ही दहा टक्क्यांची हमी कोणी देत नाही, हेही सांगितले. मामा म्हणाले, "ते तुमचे आकडे तुमच्यापाशी," आणि चहा पिऊन गेले. लग्नात मात्र भाजीच्या पातेल्यावर तेच उभे होते.

एसआयपी बंद करायची नाही असे ठरवूनही ती बंद पडते, आणि तसे होताना मी वारंवार पाहिले आहे. लग्नाच्या महिन्यात माणूस ज्या खात्यात पगार येतो त्याच खात्यातून कार्ड फिरवतो, धनादेश देतो. ७ तारखेला फंडाचा हप्ता कापायला येतो तेव्हा शिल्लक नसते. हप्ता परत जातो, बँक दंड लावते, त्यावर जीएसटी. पुढच्या महिन्यातही उधारी फेडण्यात तेच. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते परत गेले की ती रद्द होते, आणि मग नव्याने सुरू करायला कोणी उठत नाही. यासाठी आम्ही लग्नाचे वेगळे बचत खाते उघडले. आरडी आणि ठेवी त्यातच जमा झाल्या, सर्व देणी त्यातूनच गेली. पगाराच्या खात्यात डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तीन महिन्यांच्या हप्त्यांचे ९,००० आधीच ठेवले आणि त्या खात्याचे कार्ड कपाटात बंद केले. पीपीएफचे तसे नाही. तेथे वर्षाला किमान ५०० भरले की खाते चालू राहते, म्हणून जानेवारीचे २,००० मी मार्चच्या ५ तारखेच्या आत भरले. त्या खात्यात ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज धरतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे नुकसान किरकोळ होते.

प्रत्यक्ष खर्च अंदाजाहून २६,००० ने वाढला. दुसरी बस, आहेराच्या साड्या, सत्तर पाने जास्त. तो राखीव पैशातून निघाला आणि तीस हजारांच्या आसपास उरले. आहेराची पाकिटे आम्ही अंदाजपत्रकात धरलीच नव्हती. ते उत्पन्न नव्हे, ती परतफेडीची वही आहे. ते पैसे वेगळ्या ठेवीत टाकले, लोकांच्या कार्याला त्यातूनच जातो.

ज्यांना पगार नाही, शेती किंवा मजुरी आहे, त्यांना मासिक आरडी मी सुचवत नाही. हप्ता चुकला की दंड, आणि टपालाच्या आरडीत चार हप्ते चुकले की खाते खंडित होते. ते दोन महिन्यांत पूर्ववत करावे लागते. त्यांनी सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर, घरी पोहोचण्याआधी, एक ठरावीक रक्कम टपाल खात्याच्या किंवा बँकेच्या मुदत ठेवीत टाकावी. दरवर्षीची एक पावती. गावातली पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देते, हे मला ठाऊक आहे. परंतु बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून जे ठेव विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थेला नाही. भिशीला तर कागदही नसतो. लग्नाची तारीख ठरल्यानंतर पैसे अडकले तर दाद मागायला वेळ नसतो.

ज्यांच्या मुली दहा वर्षांच्या आतल्या आहेत त्यांना सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. २०१५ मध्ये ही योजना आली तेव्हा माझी मुलगी वयाने पुढे गेली होती. त्यातही मुलगी अठराची झाल्यावर लग्नासाठी खाते बंद करता येते, पण लग्नाच्या फक्त एक महिना आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत. इसाराचा पैसा म्हणून तेथेही वेगळाच साठवावा लागेल.

फेब्रुवारीच्या ७ तारखेला मी सकाळीच पासबुक छापून घेतले. फंडाचे ३,००० कापले गेले होते. त्याच आठवड्यात लग्नाचे खाते बंद केले आणि ४,००० ची आरडी मुलाच्या नावाने पुन्हा सुरू केली. या वेळी दोन केल्या.